तोंडी नकार आणि लेखी शेरा : वारस नोंदीचा माझा अनुभव

नागपूरच्या एका कॉलेजात मी लोकप्रशासन शिकवते. मॅक्स वेबरची नोकरशाही दरवर्षी शिकवावी लागते: ठरलेले नियम, अधिकारांची उतरंड, प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद आणि समोर कोण आहे हे न पाहता दिलेला निर्णय. बाबा गेल्यावर गावच्या शेतीवर वारसांची नावे चढवायची होती, तेव्हा हे सगळे जवळून पाहायला मिळाले.

वारस नोंदीची वाट तशी सरळ आहे. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, अर्ज द्यायचा. तो चौकशी करून गाव नमुना 6-क या वारस नोंदवहीत नावे लिहितो. मंडळ अधिकाऱ्यांनी वारस ठरवले की फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. कोणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो.

चौकशीच्या वेळी नात्यातले एक काका म्हणाले, "पोरीचं नाव कायले टाकता? शेती तं भाऊच करते." पटवाऱ्याने लिहिता लिहिताच सांगितले, "काका, वारस जेवढे, नावं तेवढी. ताईला हिस्सा नको असेल तर नाव चढल्यावर रजिस्टर हक्कसोड करता येते." आई, भाऊ आणि मी, अशी तीन नावे त्याने लिहिली. माझ्या बाजूने कोणी भांडावे लागले नाही, कोणाची ओळख लागली नाही. नियम माणूस पाहत नाही, यात केवढे संरक्षण आहे हे मुलींना विचारा.

अडले ते दुसरीकडेच. सातबाऱ्यावर बाबांचे नाव 'महादेवजी' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'महादेव'. आपल्याकडे जुन्या कागदांत नावाला 'जी' लावायची रीतच होती. पटवारी म्हणाला, दोन्ही एकच माणूस आहे हे ठरवणे माझ्या हातात नाही. मंडळ अधिकारी म्हणाले, तहसीलमधून लिहून आणा. तहसीलचे बाबू म्हणाले, हे मंडळ अधिकाऱ्यांचेच काम आहे. तिघेही सौजन्याने बोलले, पण कोणीही काही लिहून दिले नाही.

कायदा पाहिला तर बाबूंचे म्हणणे बरोबर होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफार तपासून प्रमाणित करायचा अधिकार अव्वल कारकुनाच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याला आहे, आणि मंडळ अधिकारी त्यात बसतात. मग ते का टाळत होते? नोंद मंजूर केली आणि उद्या कोणी अपील केले, तर सही त्यांची सापडते. तोंडी 'नाही' म्हटले तर कागदावर काहीच उरत नाही, आणि जे कागदावर नाही त्यावर अपीलही होत नाही. आपण लालफीत म्हणून कागदांना नावे ठेवतो. माझी फाइल अडली ती कागद नव्हता म्हणून.

त्यामुळे मी दोन गोष्टी केल्या. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. त्यावरून आजोबांनंतर बाबांचे नाव लागले तो जुना फेरफार शोधला आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची प्रमाणित नक्कल काढली. त्यात आजोबांचे पूर्ण नाव, गट आणि 'मुलगा महादेवजी' असे हाताने लिहिलेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तेच होते. मग नक्कल जोडून मंडळ अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला: दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत की नाहीत, यावर कारणासह निर्णय द्यावा. पोच घेतली, आवक क्रमांक घेतला. विलंब रोखण्यासाठीच्या राज्याच्या 2005 च्या कायद्यात, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे कलम 10 आहे. त्याचाही उल्लेख केला.

अर्ज आवकमध्ये चढला आणि फाइल हलली. मंडळ अधिकाऱ्यांनी भाऊ आणि गावातल्या दोन वयस्कांचे जबाब घेतले, जुन्या फेरफाराचा आधार लिहून शेरा मारला आणि वारस मंजूर केले. नोटिशीच्या मुदतीत हरकत आली नाही. नोंद प्रमाणित झाली.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा निवाडा नव्हे. कलम 157 प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, आणि हक्काचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. आमच्यात वाद नाही. आता तिघांच्या संमतीने वाटणीचा अर्ज कलम 85 खाली तहसीलदारांकडे द्यायचा आहे. शेऱ्याची प्रमाणित नक्कल त्यासाठी आधीच काढून ठेवली आहे.