टाकीची नोटीस आणि तिच्याखालची एक ओळ

पुण्याच्या मैत्रिणी फोनवर अजून विचारतात, काय गं, परदेशात कसं काय चाललंय, आणि मीही हसून मजेत म्हणते. पण हे बेळगावात कुणासमोर म्हणू नका. शेजारच्या काकूंनी एकदा ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, परदेश कसला, आमच्या चार पिढ्या इथल्याच की. १९५६ पासून सगळं माहिती असलेल्या माणसांना आपण काय सांगणार. तर परदेश नाही. पण एक नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या बाजूला काळा दिवस, हे कोथरूडमध्ये बघायला मिळत नाही एवढं मात्र खरं.

आज लिहायचं आहे ते यातल्या मोठ्या वादाबद्दल नाहीच. आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली जो नोटीस बोर्ड आहे त्याबद्दल आहे. तुम्ही म्हणाल यात काय लिहायचं. थांबा.

बिल्डिंगमध्ये निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड. बोलताना कुणाचं काही अडत नाही, समोरच्या अक्का माझ्याशी मराठी बोलतात, मी 'हौदु री' आणि 'इल्ला री' एवढ्यावर गाडी हाकते. अडतं ते कागदावर. कन्नड शाळेत शिकलेल्यांना हिंदीमुळे देवनागरी अक्षरं ओळखता येतात, पण आपली ती 'कळविण्यात येते की' छाप मराठी वाचायला बसले की दुसऱ्या ओळीला सोडून देतात. आणि माझ्यासारखीला कन्नड लिपी म्हणजे नुसती सुंदर जिलबी. त्यामुळे इथे कुणीतरी फार पूर्वीच एक पद्धत पाडून ठेवली आहे. ज्याला ज्या भाषेत लिहायचं त्याने लिहावं, पण खाली एक छोटी ओळ दुसऱ्यांसाठी टाकावी. मराठी नोटिशीखाली इंग्रजी ओळ, कन्नड नोटिशीखाली मराठी किंवा इंग्रजी, लिहिणाऱ्याला जे जमेल ते.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते अक्कांच्या अक्षरात. वर सगळं कन्नड आणि खाली बॉलपेनने 'उद्या पानी येनार नाही भरून ठेवा'. माझ्यातली पुणेकरीण लगेच जागी झाली, पानी? येनार? हात पर्समधल्या पेनाकडे गेलासुद्धा. मग वाटलं, अगं बाई, तुला कन्नडमध्ये स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का, आणि ही बाई तुझ्या बादलीची काळजी करत्ये. पुण्यात आमच्या सोसायटीत बिहारचे, तमिळ सगळे भाडेकरू होते, त्यांच्यासाठी कुणी कधी एक शब्द लिहिला नाही. आता पुण्यात तशी गरजही नव्हती म्हणा, विचारलं की वॉचमन सांगायचा. असो.

मराठी नोटिसा लिहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, अक्षर बरं आहे म्हणून. तेव्हा कळलं की ती खालची ओळ वाटते तेवढी सोपी नसते. बहुतेक लोक वरच्या मजकुराचं भाषांतर करायला जातात, आणि मग 'सर्व सभासदांना नम्र विनंती' याचंही इंग्रजी होतं, जागा संपते, आणि वेळ राहून जाते. खालच्या ओळीने भाषांतर करायचंच नसतं. ज्याने फक्त तेवढंच वाचलं त्याने उद्या काय करायचं, हे त्याला कळलं की झालं.

उदाहरण देते. वरची टाकी धुवायची होती. मराठी मजकूर असा, की साफसफाई करावयाची असल्याने येत्या रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दीडपर्यंत पाणीपुरवठा बंद राहील, सर्वांनी आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे, गिझर बंद ठेवावेत, पाणी सुरू झाल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी वापरू नये. यातलं टाकी का धुवायची हे खाली नको. 'आवश्यक तेवढे' नको, पाणी नाही म्हटलं की बादली भरायचं माणसाला सांगावं लागत नाही. पण गिझर मात्र पाहिजेच, कारण टाकी रिकामी असताना गिझर चालू राहिला तर आतली कॉइल कोरडीच तापून जळू शकते, आणि ही गोष्ट कुणाला आपोआप सुचत नाही. पहिलं पाणी पिऊ नका हेही पाहिजे, कारण टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात. म्हणून ओळ झाली अशी, अर्थात कागदावर इंग्रजी अक्षरात: नो वॉटर संडे नाइन थर्टी टू वन थर्टी, प्लीज कीप गिझर ऑफ, डोन्ट ड्रिंक फर्स्ट वॉटर. व्याकरणाचे मास्तर रडतील, रडू देत. त्यातला 'प्लीज' मात्र काढायचा नाही. मराठीत वर नम्र विनंती आणि खाली इंग्रजीत नुसतं कीप ऑफ असलं की वाचणाऱ्याला वाटतं यांच्यातल्यांना विनंती आणि आम्हाला ऑर्डर.

ओळ लागली, सगळं छान. शनिवारी टाकी धुणारे म्हणाले रविवारी जमत नाही, सोमवारी येतो. कमिटीतल्या कुणीतरी जाता जाता वरच्या मजकुरातलं 'रविवारी' खोडून 'सोमवारी' केलं आणि गेले. खालची इंग्रजी ओळ तशीच, संडे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. रविवारी कन्नड घरांनी बादल्या, पातेली, पिंप सगळं भरून ठेवलं. दीड वाजला तरी नळाला पाणी येतंच आहे म्हटल्यावर काम रद्द झालं असं समजून संध्याकाळी ते पाणी कुंड्यांना घातलं, कुणी गॅलरी धुतली. सोमवारी सकाळी साडेनऊनंतर त्यांचे नळ कोरडे, आणि मराठी घरं भरलेल्या बादल्या घेऊन निवांत. वरच्या मजल्यावरच्या अण्णांचा गिझर चालू राहिला होता, नशिबाने वेळेत लक्षात आलं. अण्णा एरवी फार शांत माणूस, पण खाली येऊन कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, बदल फक्त तुमच्यातल्यांनाच सांगितला काय? झालं. एका खोडलेल्या शब्दावरून पाण्याच्या टाकीचा सीमाप्रश्न झाला. कुणाच्या मनात काही नव्हतं हो, पण कागद तसाच बोलत होता, आणि इथे माणसं कागद कसा बोलतो ते आपल्यापेक्षा जास्त बारकाईने वाचतात.

त्यानंतर आम्ही नोटिशीची मांडणीच बदलली, आणि हे मला खरंच सांगायचंय कारण कुठल्याही दोन भाषांच्या ठिकाणी उपयोगी पडेल. तारीख, वार आणि वेळ आता मजकुरात येतच नाही. कागदाच्या मधोमध एक चौकोन, त्यात आकडे एकदाच. वर मराठी म्हणते 'खाली दिलेल्या वेळेत', खालची ओळ म्हणते 'टाइम अबव्ह'. बदल झाला तर चौकोन बदलतो, म्हणजे दोघांचा एकदमच बदलतो, एकाचा बदलून दुसऱ्याचा राहायची सोयच नाही. आणि खोडाखोड बंद. कागद काढायचा, नवा लावायचा, वर लाल पेनाने दोन्ही भाषांत बदल झाल्याचं लिहायचं, नाहीतर ज्याने जुना वाचलाय तो नव्याकडे परत बघत नाही.

चौकोनात आकडे इंग्रजीच घालतो, यावर एका काकांनी भुवया उंचावल्या. पण हाताने लिहिलेला आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे १ वाजता संपणारं काम कुणाला तरी ९ वाजता संपतं. तसंच 'येत्या रविवारी' आणि 'परवा' हे शब्द बोर्डावर बंद. कागद शुक्रवारी लावला आणि कुणी शनिवारी वाचला की परवा कुठल्या कुठे सरकतो, आणि आपला परवा तर मागेही जातो आणि पुढेही. रात्री १२ असंही लिहीत नाही, नक्की कुठल्या तारखेची रात्र यावर वाद होतो, ११:५५ लिहिलं की वाद संपतो.

लावायच्या आधी मी एक करते. वरचा मराठी भाग हाताने झाकते आणि अक्कांना खालचं वाचायला देऊन विचारते, सांगा, तुम्ही काय करणार? कळलं का असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मागे लिफ्टच्या नोटिशीला अक्का म्हणाल्या, लिफ्ट दिवसभर बंद असणार. मी लिहिलं होतं सर्व्हिसिंग, त्यात किती वेळ ते कुठून कळणार. कागद परत लिहिला.

पुण्यातल्या एका दादाने विचारलं, मग खाली कन्नडच का नाही लिहीत? एक तर मला येत नाही. दुसरं म्हणजे इंग्रजी इथे कुणाच्याच बाजूची नाही, त्यामुळे कुणाला हरल्यासारखं वाटत नाही. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ मध्ये आला, आणि जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात हे देशपातळीवर कधीचंच ठरलेलं आहे, आणि या दोन आकड्यांवर इथे माणसं रात्रभर बोलू शकतात. जिन्याखालच्या कागदाचे टक्के अजून कुणी मोजलेले नाहीत, ते तसंच राहू दे. पण दादाचं थोडं बरोबर आहे. तळमजल्यावरच्या अज्जींना इंग्रजी येत नाही, घरकामाच्या बायकांना तर कुठलीच ओळ उपयोगाची नाही, त्यांना तोंडीच सांगावं लागतं. म्हणून पाणी आणि वीज या दोन नोटिसांना अक्का आता कन्नड ओळही घालतात, म्हणजे कागदावर तीन भाषा झाल्या.

आणि पैशाच्या नोटिशीला ही युक्ती चालत नाही. मेंटेनन्स वाढवायचा प्रस्ताव आलाय, त्यात जुनी थकबाकी, व्याज, भाडेकरूंसाठी वेगळा दर असं बरंच आहे. कुणीतरी म्हणालं, खाली एक ओळ टाका, मेंटेनन्स इन्क्रीज्ड. मी नाही म्हटलं. एका ओळीत फक्त वाढ दिसते, सवलत दिसत नाही, आणि ज्याने ओळच वाचली तो मीटिंगला भांडायच्या तयारीनेच येतो. तिथे दोन्ही भाषांत पूर्ण मजकूर पाहिजे, कलमांना तेच नंबर, आणि फरक आढळला तर कुठला मजकूर धरायचा हेही लिहिलेलं पाहिजे. कुठला धरायचा यावर कमिटी गेल्या रविवारपासून बोलतेय, येत्या मीटिंगला परत आहे.