मामांच्या चित्रांतलं आभाळ कुठे गेलं?

द हेगमध्ये मी एका खासगी आर्ट गॅलरीत प्रदर्शनं मांडण्याचं काम करते. चित्रं भिंतीवर लावणं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग. त्याआधी चित्रकाराच्या ढिगातून नेमकी कोणती चित्रं एकत्र यायची, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. या वर्षी ते काम मी घरच्या माणसासाठी केलं. अंमळनेरचे माझे मामा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आता जळगावात त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन होतंय.

मामांची चित्रं कुठे कुठे होती म्हणता! काही घरात, काही शाळेच्या स्टोअररूममध्ये, काही चोपड्याच्या मावशीकडे, काही लग्नात आहेर म्हणून दिलेली. माळ्यावरच्या ट्रंकेत ॲक्रिलिकचे दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले होते, ते एकमेकांना चिकटले. ॲक्रिलिकचा थर उन्हाळ्यात मऊ पडतो, आणि आपल्याकडे पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चित्र गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर, मध्ये गुळगुळीत कागद घालून गुंडाळावं. प्लास्टिक अजिबात नको.

मामेभावाने प्रत्येक चित्र सकाळी ओट्यावर, सावलीत, समोरून सरळ धरून फोटोत घेतलं आणि मागे लांबी-रुंदी लिहिली. एकूण सत्तरच्या आसपास भरली. मग सगळ्यांचे छोटे प्रिंट काढले, पण एकाच मापाने: मीटरभर रुंद चित्र पाच सेंटिमीटरचं. हे माप पाळलं नाही तर वहीएवढं चित्र आणि दारा एवढं चित्र टेबलावर सारखंच दिसतं आणि निवड फसते. एक संच मामांकडे, एक माझ्याकडे.

प्रदर्शनाच्या नावाची पहिली सूचना घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने केली: ‘माझा खानदेश’. केळीच्या बागा आहेत, कापूस आहे, तापी आहे, बाजार आहे, मग अजून काय हवं? मी मामांना दोन प्रश्न विचारले. या नावामुळे सत्तरांतलं कोणतं चित्र बाहेर पडतं? आणि हेच नाव धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या दुसऱ्या चित्रकाराला चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘एकही नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ आलं. जी कल्पना काहीच बाहेर काढत नाही, तिच्यामुळे बघणाऱ्यालाही काही सापडत नाही. सालवार मांडणीही करून पाहिली, पण ती आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेताना शोभते. पहिल्या प्रदर्शनाला येणाऱ्याला चित्रकाराचं वाढतं वय बघायचं नसतं, त्याची नजर बघायची असते.

मग मी विषयाकडे बघणं सोडलं आणि प्रिंट कृष्णधवल करून पसरले. रंग गेले की केळी ‘केळी’ राहत नाही, फक्त आकार आणि रेषा उरतात. तरी धागा हाती येईना. तो आला माउरित्सहाउस संग्रहालयात. तिथे याकोब फान रौसडालचं हारलेम शहराचं दृश्य आहे, सतराव्या शतकातलं. चित्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग नुसतं ढगाळ आभाळ, खाली जमिनीची पट्टी. डच निसर्गचित्रं अशीच असतात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी मामांचे प्रिंट डोक्यात होते. घरी येऊन ते पुन्हा पसरले. मामांकडे आभाळच नव्हतं! निम्म्याहून जास्त चित्रांत क्षितिजरेषा अगदी वरच्या काठाला टेकलेली, आणि कित्येकांत ती मुळीच नाही. वाळत घातलेल्या मिरच्या, जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग, खळं, बाजारातली पालं, भरिताचं ताट, सगळं वरून पाहिलेलं.

रात्री फोन केला. मामा म्हणाले, “धाबावरतीन आभाय कोन देखस, पोरी?”

त्यांचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं. मातीच्या सपाट छतावर कुरडया, पापड, मिरच्या राखायला याच पोराला बसवायचे. आभाळ रात्री झोपताना दिसायचं. वैशाखातल्या दिवसा ते इतकं पांढरं तापलेलं असतं की मान वर होतच नाही, नजर खाली गल्लीत आणि शेतात जाते. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं, नजर खाली झुकवली की चौकटीत ते वर सरकतं. पुढे त्या घरावर स्लॅब पडला, मामा शाळेच्या तळमजल्यावर चित्रं काढू लागले, पण नजर तिथेच राहिली.

प्रदर्शनाचं नाव लगेच ठरलं: ‘धाब्यावरून’. आता हे नाव चित्रं बाहेर काढू लागलं, आणि तिथे दुखलं. सातपुड्यामागे मावळणाऱ्या सूर्याचं, बक्षीस मिळालेलं मोठं चित्र मामांचं सर्वांत लाडकं. त्यात तीन चतुर्थांश आभाळ. मामा दोन दिवस बोलले नाहीत. माझं मत मी बदललं नाही: तेवढं एक चित्र ठेवलं असतं, तर लोक त्याच्यासमोर थांबले असते आणि बाकी सगळी त्याची तयारी वाटली असती. उलट, झोपलेल्या आजीचं व्यक्तिचित्र, जे ‘खानदेश’च्या यादीत कुणी धरलंच नव्हतं, ते आत आलं. तेही वरून, उशाशी उभं राहून काढलेलं आहे.

उरली चाळीस चित्रं. हॉलच्या चार भिंती मिळून चोवीस मीटर. चित्रांची रुंदी सरासरी साठ सेंटिमीटर धरली तर चाळीस चित्रं बरोबर चोवीस मीटर खातात, श्वास घ्यायला जागाच नाही. बावीस घेतली तर सव्वातेरा मीटरच्या आसपास जातात आणि भिंतींच्या टोकांची जागा धरून दोन चित्रांमध्ये सरासरी चाळीसेक सेंटिमीटर सुटतात. कमी करताना सारखी क्षितिजरेषा असलेली चित्रं शेजारी येत होती. तीन-चार ओळीने आली की भिंतीवर एकच आडवी पट्टी दिसते आणि डोळा थकतो. म्हणून प्रत्येक दोन-तीन चित्रांनंतर क्षितिज नसलेलं एक ठेवलं, आणि जिथे दोन चित्रं एकच गोष्ट सांगत होती तिथे लहान ठेवून मोठं काढलं. साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतो. इथे तो १३५ वर घ्यायला सांगितलाय, बघणाऱ्याची मान थोडी खाली जावी म्हणून.

परवा मामांनी विचारलं, गच्चीवर चढून अजून दोन-तीन नवी काढू का, विषयाला धरून? मी नको म्हटलं. ही बावीस चित्रं काढताना त्यांना विषय माहीत नव्हता, म्हणूनच त्यांतली नजर खरी आहे. नाव ठरल्यावर काढलेलं चित्र त्या नावाचं उदाहरण होऊन बसतं, आणि शेजारी लावलं की ते ओळखू येतं. नवी चित्रं त्यांनी जरूर काढावीत, पण पुढच्या वर्षीच्या ढिगासाठी. सातपुडाही तिथेच वाट बघतोय.