बेसिनचा ‘घुर्र’ : पारदर्शक ट्रॅप, एक नरसाळं आणि एक उभा पाइप

नोंद १

आमच्या नाशिकच्या रो-हाउसमध्ये खालच्या मजल्यावर पॅसेजमध्ये एक वॉश बेसिन आहे. भरलेलं बेसिन सोडलं की शेवटी ‘घुर्र’ असा लांबलचक आवाज येतो आणि थोड्या वेळानं पॅसेजमध्ये गटाराचा वास रेंगाळतो. बेसिनखाली थोडं पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा भाग म्हणजे ट्रॅप. ‘ट्रॅप बदला’ हा सल्ला तीन जणांनी दिला. बदलला. नवीन बॉटल ट्रॅपही तितकाच घुरघुरतो.

ट्रॅपमध्ये पाणी किती उरतं हे आधी मोजायचं ठरवलं. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून खराट्याची एक लांब हीर घेतली आणि बेसिनच्या जाळीतून तळाला टेकेपर्यंत सोडली. हळूहळू मगभर पाणी ओतून ट्रॅप पूर्ण भरला की हीर ७५ मि.मी. ओली होते. बाटली उघडून पाहिलं, तर आतली उभी नळी तळापासून २५ मि.मी. वर संपते. म्हणजे वास अडवणारं खरं पाणी, ज्याला वॉटर सील म्हणतात, ते ५० मि.मी. मग बेसिन काठोकाठ भरलं, बूच काढलं, घुर्र झाल्यावर परत हीर सोडली. ओली झाली ३८ मि.मी. सील उरला फक्त १३ मि.मी. तीनदा करून पाहिलं, एक-दोन मिलिमीटरचाच फरक.

पाणी बाष्प होऊन गेलेलं नाही, गळलेलंही नाही. ते पुढच्या पाइपानं ओढून नेलंय.

नोंद २

आत काय होतं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. गवंड्यांच्या लेव्हल पाइपसारखीच, पण जाड म्हणजे २५ मि.मी. आतल्या व्यासाची पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. नुसती वाकवली तर ती चिमटते. कोरडी बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि गरम पाण्यात बुडवून वाकवली, तेव्हा सुबक यू आकार आला. सील ५० मि.मी. येईल अशा बेतानं फळीवर क्लिपांनी बसवली. पुढे ३० सें.मी. आडवी नळी, मग ९० सें.मी. सरळ खाली बादलीत. वर बेसिन म्हणून सपाट तळाचा प्लास्टिकचा टब, त्याला मधोमध भोक.

टब भरून सोडला. उभी नळी पाण्यानं गच्च भरून वाहिली, शेवटी घुर्र झालं, यू जवळजवळ रिकामा झाला... आणि पुढच्या दहा-बारा सेकंदांत परत भरला! मोजलं तर ४८ मि.मी. चार वेळा तेच. मी निम्मा रविवार फळी तपासण्यात घालवला.

कारण टबमध्येच होतं. सपाट तळावर पसरलेलं उरलंसुरलं पाणी धार तुटल्यावरही थेंबाथेंबानं उतरत राहतं आणि रिकामा झालेला ट्रॅप भरून टाकतं. स्वयंपाकघरातलं सिंक क्वचित वास मारतं, त्यामागचं एक कारण हेच. वॉश बेसिन उतरत्या कडांचं असतं. ते एकदम रिकामं होतं आणि मागे काही उरत नाही. म्हणून टब काढून डिझेल भरायचं मोठं नरसाळं लावलं. आता सील उरला ८ मि.मी., एकदा तर पूर्ण उडाला. घरातला दोष फळीवर आला याचा इतका आनंद झाला, की बायको म्हणाली, “बिघडलं म्हणून पेढे वाटणार का?”

नोंद ३

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिल्यावर क्रम स्पष्ट झाला. पाणी उभ्या नळीत शिरतं आणि तिला पूर्ण व्यापतं. ते घसरत खाली जातं तेव्हा सिरिंजच्या दट्ट्यासारखं मागची हवा ओढतं. मागे हवा कुठून येणार? पुढची वाट पाण्यानं बंद, मागे ट्रॅप. त्यामुळे आडव्या नळीतला दाब कमी होतो आणि खोलीतली हवा, जिचा दाब जसाच्या तसा आहे, ट्रॅपमधलं पाणी पुढे ढकलते. पाणी ओढलं जातं असं आपण म्हणतो, पण खरं काम ही मागून ढकलणारी हवाच करते. ९० सें.मी. पाण्याचा स्तंभ लोंबत असताना ५० मि.मी.चा सील म्हणजे काहीच नाही. नळीच्या कडांशी होणारं घर्षण आणि मध्ये घुसणारे बुडबुडे यामुळे पूर्ण ९० सें.मी.ची ओढ लागत नाही, पण तिचा छोटा हिस्साही पुरतो. ‘घुर्र’ हा खोलीतली हवा ट्रॅपमधून घुसल्याचा आवाज आहे. ती जाताना उरलेलं पाणीही शिंतोड्यांनी सोबत नेते.

एक हिशेब फार आवडला, म्हणून लिहितो. वाहतं पाणी बाजूला ठेवून फक्त शांत ओढ लावली तर काय होतं? खालचं टोक बंद करून ६० मि.लि.ची सिरिंज लावली आणि सावकाश ओढलं. ट्रॅपची पुढची बाजू आधीच ओसंडायच्या पातळीवर असते, तिथून पाणी सांडत जातं आणि खोलीकडची पातळी उतरते. ओढ ५० मि.मी. पाण्याइतकी झाली, की खोलीकडचं पाणी बरोबर यूच्या खालच्या वळणाच्या आतल्या कडेशी, म्हणजे सील तुटायच्या बिंदूवर येतं. आता ओढ सोडली तर दोन्ही बाजू समान होतात आणि प्रत्येकीत २५ मि.मी. उरतं. थोडक्यात, जेवढी ओढ त्याच्या निम्मा सील जातो. तीच ओढ पुन्हा लावली तर आणखी काही जात नाही. फळीवर पाच वेळा करून पाहिलं. हे दोन्ही बाजूंचा व्यास सारखा असलेल्या यूचं गणित आहे, बॉटल ट्रॅपला जसंच्या तसं लागू नाही.

नोंद ४

आता व्हेंट, म्हणजे पाइपात हवा यायची वेगळी वाट. ट्रॅपच्या पुढे १० सें.मी.वर आडव्या नळीत टी बसवला, त्याचं तोंड वर करून उभी नळी लावली. नरसाळं सोडलं. उभ्या नळीतलं पाणी तसंच वेगानं गेलं, पण घुर्र नाही. सील ४७. व्हेंटवर अंगठा ठेवून तेच केलं, तर ९. अंगठा काढला, परत ४७. आईला बोलावून दाखवलं. तिनं स्वतः अंगठा ठेवून दोनदा खात्री केली.

पाण्याला मागे हवा लागतेच. ती व्हेंटमधून सहज मिळाली तर ट्रॅपला धक्का लागत नाही. हाच व्हेंट उभ्या नळीच्या तळाशी लावून पाहिला, तर उपयोग शून्य, कारण ओढ वरच्या टोकाला आहे. शीतपेयाच्या स्ट्रॉएवढं बारीक भोक ठेवलं तेव्हा सील २० वर आला, कारण तेवढ्या वेळात पुरेशी हवा आत शिरत नाही. ट्रॅपच्या अगदी माथ्यावर, वळणावरच भोक पाडणंही चुकीचं. फळीवर ते छान चालतं, पण घरात तिथे साबणाचा साका आणि केस उसळून भोक बुजतं. व्हेंट निदान पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवा.

नोंद ५

मग बेसिनखालची टाइल फोडली. ३२ मि.मी.चा पाइप १.४ मीटर भिंतीतून जातो आणि एल्बो घेऊन सरळ खाली उतरतो. पुढे तो ७५ मि.मी.च्या उभ्या वेस्ट पाइपाला तळाजवळ मिळतो. आडव्या भागाचा ढाळ मोजला, तर दोन टोकांत ९० मि.मी.चा फरक! प्लंबरकाकांना विचारलं तर ते अभिमानानं म्हणाले, “साहेब, ढाळ भरपूर दिलाय, पाणी थांबायचं नाव नाही.”

पाणी थांबत नाही हेच तर दुखणं. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचा पाइप स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त खाली उतरू नये, असा नियम आहे. त्यापेक्षा जास्त उतरला, तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या ओसंडायच्या पातळीखाली जातं, मधला पाइप भरून वाहतो आणि व्हेंट असूनही हवा ट्रॅपपर्यंत पोचत नाही. ३२ मि.मी. पाइपाला मीटरमागे २० मि.मी. ढाळ दिला तर १.६ मीटर मिळतात. मीटरमागे ५० दिला तर फक्त ६४ सें.मी. म्हणजे जास्त ढाळ दिला की परवानगीची लांबी घटते. ब्रिटनच्या नियमावलीत साध्या ढाळाच्या ३२ मि.मी. बेसिन पाइपाला व्हेंटशिवाय १.७ मीटरची मर्यादा आहे, ती या हिशेबाच्या जवळच येते.

नोंद ६

गच्चीवर गेलो, तर ७५च्या पाइपाचं वरचं टोक एंड कॅप लावून बंद! पावसाचं पाणी नको म्हणून बांधतानाच कोणीतरी लावली असणार. काढून काउल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, बसवली.

वरच्या बाथरूममध्ये कोणी बादली ओतली, की खालच्या बेसिनमध्ये बुडबुडे यायचे, ते यानं बरेच कमी झाले. वरून कोसळणारं पाणी पुढ्यातली हवा दाबत येतं, तळाशी ती कोंडते आणि आमच्या ट्रॅपमधून खोलीत येते. ओढ नव्हे, तिच्या उलट, ढकल. पण हीर मात्र ३८च दाखवत होती. मुख्य पाइप उघडा असला तरी आमच्या ३२च्या फांदीत पाण्याचा दट्ट्या तसाच तयार होत होता.

एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह लावावा असं मनात होतं. ओढ लागली की तो उघडतो आणि एरवी बंद असतो, त्यामुळे गच्चीपर्यंत पाइप न्यावा लागत नाही. पण तो हवा फक्त आत घेतो. तळाशी कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडणार नाही आणि बुडबुडे राहतील. वरच्या मजल्यावरच्या बेसिनला मी तो बिनदिक्कत लावला असता.

नोंद ७

फांदी नव्यानं टाकली. ट्रॅपनंतर लगेच ४० मि.मी., मीटरमागे २० मि.मी. ढाळ, १.४ मीटरला एकूण २८ मि.मी. उतार. ट्रॅपपासून २० सें.मी.वर टी, त्यातून ४०चा व्हेंट बाहेरच्या भिंतीवरून वर. वरच्या बाथरूमच्या जोडाच्याही वर, गच्चीच्या कठड्याशी तो ७५च्या पाइपात सोडला. सोल्युशन लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून एकदा पाणी सोडून पाहिलं. व्हेंटच्या आडव्या तुकड्याला थोडा ढाळ खाली फांदीकडे दिलाय, नाहीतर आत साचलेलं बाष्पाचं पाणी वाट अडवतं.

काल बेसिन काठोकाठ भरून सोडलं. हीर ७३ मि.मी. ओली. वर मुलानं दोन बादल्या एकदम ओतल्या, तरी खाली एकही बुडबुडा नाही. काउलला डासांसाठी जाळी लावलीय, तिच्यावर धूळ आणि जळमटं बसतात. ती पावसाळ्याआधी साफ करायची आहे. फळी अजून गॅलरीत उभी आहे, कारण शेजारच्या जोशीकाकूंना त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं कोडं तिच्यावर सोडवून हवंय. त्यांचा तर महिनोन्‌महिने वापरच नाही, त्यामुळे तिथे मला ओढीपेक्षा बाष्पाचाच संशय आहे. हीर घेऊन उद्या जातो.