दारावरची तारीख

"ताई, तुमच्या त्या बिनपाण्याच्या संडासाला वास येत नाही का? आणि शेवटी ते सगळं काढतं कोण?"

आत पाणी गेलं नाही आणि राख वेळेवर पडली, तर नाही येत. मी ठाण्यात राहते, पण घर शहापूरकडच्या गावात आहे. तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि हातभर खणलं की कातळ लागतो. म्हणून संडास जमिनीच्या वरच बांधला. शेजारी शेजारी दोन कप्पे, प्रत्येकी तीन फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. पाच माणसांना एक कप्पा वर्षभर पुरतो. खाली पक्का कोबा, मागे दार, वर जाळी लावलेला पाइप.

भांड्यात पुढे लघवीची खाच असते, ती नळीने कॅनमध्ये जाते. मैला मागच्या भोकातून कप्प्यात पडतो. धुवायचं मात्र बाजूला सरकून, वेगळ्या जागी. ते पाणी केळीजवळच्या खडीच्या खड्ड्यात जातं. त्यात मैल्याचा अंश असतोच, म्हणून तिथे आम्ही पालेभाजी लावत नाही. नंतर भोकात दोन मुठी चुलीची राख टाकायची. राख ओल शोषते, माशांना बसू देत नाही आणि तिच्या क्षारामुळे बरेचसे जंतू कमी होतात.

पहिल्याच गणपतीत फसलो. पाहुणे आले, सवयीने भोकावरच धुतलं, आणि चार दिवसांत वास सुटला, अळ्या दिसल्या. चूक माझी होती, मी कुणाला नीट दाखवलंच नव्हतं. वरून घमेलंभर राख आणि भाताचं सुकं तूस पसरलं, तो कप्पा बंद केला आणि रिकामा असलेला दुसरा वापरायला काढला. तेव्हापासून राख झाकणाच्या पिंपातच ठेवते. पावसात सर्द झालेली राख काही कामाची नाही.

आता काढण्याचं. टोपलीच्या संडासातला ताजा मैला दुसऱ्या माणसाला उचलायला लावायचे. ते पाप आमच्या घरी नको, हे मी आधीच ठरवलं होतं. बंद केलेला कप्पा आम्ही पूर्ण एक वर्ष उघडत नाही. हे वर्ष शेवटच्या वापरापासून मोजायचं, म्हणून त्या दिवशीची तारीख दारावर ऑइलपेंटने लिहितो. सहा महिन्यांतच आतलं सगळं मातीसारखं दिसायला लागतं, पण त्यावर विश्वास ठेवू नये. पोटातल्या जंतांची अंडी फार चिवट असतात, आणि ती गेली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. आपल्यासारख्या उष्ण हवेत वर्षभर तरी थांबायचं.

पहिला कप्पा आम्ही नवरा-बायकोने उघडला. हातमोजे घातले, फावड्याने वीसेक घमेली काढली. कोरडं, भुसभुशीत, वास ओल्या मातीचा. आंब्याच्या आळ्यात घालून वर माती ओढली, साबणाने हात धुतले. सासूबाई लांबून बघत होत्या. मग दाराशी येऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "त्या दुसऱ्या दारावर तारीख लिहिलीस ना गं?"