आधी लिपी, मग भाषा, मग अर्थ: मामाने पाठवलेल्या एका फोटोची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मामाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आजीच्या वडिलांची लोखंडी ट्रंक रंगवायला काढली, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रेशमी कापड निघालं. चार पदरी उभी घडी, साधारण वीतभर रुंद, हातभर लांब. त्यावर काळ्या शाईने वरून खाली उतरणारी अक्षरं आणि एका कडेला फिकट गुलाबी छटा. मामीला वाटलं कुंकू सांडलंय, म्हणजे कापड पूजेचं असणार. मामाचा प्रश्न एकच होता: "काय लिहिलंय ते सांग."

मी उत्तर देण्याआधीच मामेभावाने फोटो त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दाखवला होता. त्याने दोन वर्षं चिनी भाषेचे वर्ग केलेले. त्याने सांगितलं, "लिपी चिनी वाटते, पण निम्मी अक्षरं ओळखूच येत नाहीत. एका ठिकाणी 'मोठा डोंगर' आहे, एका ठिकाणी 'शेतात'." एवढ्यावर घरात चर्चा सुरू झाली की पणजोबांनी कुठल्यातरी जागेची खूण लिहून घेतली असावी.

मी जुनी कागदपत्रं लावायचं काम करते, मोडीच्या रुमालांपासून फारसी सनदांपर्यंत. त्या कामात एक सवय अंगात मुरली आहे: कुठली लिपी, कुठली भाषा, हे ठरल्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही. कारण लिपी आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरीत लिहिलेला कागद मराठी असेल, हिंदी असेल, नेपाळी असेल. अरबी वळणाचा कागद फारसीही असू शकतो आणि उर्दूही. भाषा चुकली की अक्षरन् अक्षर बरोबर वाचूनही अर्थ चुकतो, आणि चुकलाय हे कळतही नाही, कारण हाती काहीतरी अर्थ आलेला असतो.

मामाला सांगितलं, कापड उलगडू नकोस. जुनं रेशीम घडीवर तडकतं. त्याऐवजी फोटो पुन्हा काढ, खिडकीशी, उजेड बाजूने पडेल असा, आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि शाईच्या कडा पुसट होतात. मला नेमक्या त्या कडाच हव्या होत्या.

लिपीचा गट ठरवायला वेळ लागला नाही. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि 1944 साली इंफाळच्या बाजूला लढले, म्हणून आधी बर्मी लिपी डोक्यात आली. पण बर्मी अक्षरं गोल गरगरीत असतात, इथे सगळं सरळ आणि कोनदार. कोरियन हंगुलमध्ये पोकळ वर्तुळं जागोजागी दिसतात, इथे एकही नव्हतं. मंगोल लिपी वरून खालीच लिहितात, पण तिची अक्षरं एका उभ्या कण्याला चिकटलेली असतात. इथे प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात सुटं उभं होतं आणि काही अक्षरांत दहाबारा रेघा दाटलेल्या होत्या. म्हणजे चिनी अक्षरांचं कुटुंब, हे नक्की. मग चिनी शिकलेल्या माणसाला निम्मी अक्षरं का ओळखू येऊ नयेत?

फोटो मोठा करून त्याला ओळखू आलेली अक्षरं आधी पाहिली: 大, 山, 田, 中. ही चारही अक्षरं डावीउजवीकडून जवळजवळ सारखी आहेत. आरशात धरली तरी तशीच दिसतील. आणि जी ओळखू येत नव्हती, त्यातलं एकही तसं नव्हतं. तिथे पहिल्यांदा शंका आली की आपण कापडाची पाठ बघतोय.

खात्री ब्रशने करून दिली. 大 छापील पाहिलं तर सममित वाटतं, पण ब्रशने लिहिताना त्याचा डावा पाय निमुळता होत जातो आणि उजवा पाय खाली जाड होऊन टाच टेकल्यासारखा संपतो. फोटोत जाड पाय डावीकडे होता. तीच गोष्ट आडव्या रेघांची. ती रेघ डावीकडून उजवीकडे ओढतात, उजवं टोक किंचित वर चढतं आणि तिथे ब्रश दाबून थांबवल्याची गाठ उमटते. इथे प्रत्येक रेघ डावीकडे चढत होती. मामाला विचारलं, शाई गडद कुठल्या बाजूला आहे? त्याने कापड अलगद पालथं केलं आणि म्हणाला, "अगं, मागे तर काळीकुट्ट आहे." रेशीम इतकं झिरझिरीत की शाई आरपार उतरली होती आणि घडी घालताना पाठ वर आली होती.

उलटी बाजू कळली तरी कापड डोक्यावर उभं असू शकतं. तेही ब्रशच सांगतो, कारण मधूनच खाली सुटणारी उभी रेघ बहुतेक वेळा वर जाड आणि खाली टोकदार असते. त्या हिशेबाने फोटो सुलटा होता.

आता पुढच्या बाजूच्या फोटोत सगळ्यात ठळक अशी चार अक्षरं एकाखाली एक होती. फोनच्या कीबोर्डमध्ये चिनी हस्तलेखन जोडलं आणि बोटाने एकेक काढत गेले. शेवटचं फक्त तीन रेघांचं, ते लगेच सापडलं. दुसरं अवघड होतं, पण त्याच्या डाव्या बाजूने खाली वळून उजवीकडे पसरणारी होडीसारखी रेघ होती. हा घटक नेहमी डावीकडे आणि खालीच बसतो. आरशातल्या फोटोत तो उजवीकडे गेल्यामुळेच ते अक्षर कुणाला सापडत नव्हतं. चारही मिळाल्यावर शोधलं:

```
武運長久
```

अर्थ साधारण 'रणातलं भाग्य चिरकाल टिको'. सैन्यात निघालेल्या माणसाला द्यायचा हा आशीर्वाद आहे.

इथे थांबून अर्थ सांगून टाकायचा मोह फार झाला. पण ही चार अक्षरं चिनी माणूसही वाचेल आणि त्याला आशय कळेलही. त्यांनी भाषा ठरत नाही. एक चाचणी बरेच जण सांगतात की अक्षरं सोपी केलेली आहेत का ते बघा, जपान आणि चीन यांनी ती वेगवेगळ्या रीतीने सोपी केली. ते खरं आहे, पण जपानने ते 1946 पासून केलं आणि चीनने 1956 पासून. त्याआधी दोघंही बहुतेक जुनीच रूपं लिहीत. कापडावर एके ठिकाणी 廣 होतं. आज तेच अक्षर जपानमध्ये 広 आणि चीनमध्ये 广 असं लिहितात. जुनं रूप दिसल्यावर जपानी की चिनी याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. 1944 च्या कापडावर ही चाचणी लागूच पडत नाही.

मग बारीक अक्षरांकडे वळले. मोठ्या चार अक्षरांच्या आजूबाजूला दहाबारा छोट्या उभ्या ओळी होत्या, प्रत्येकीचं हस्ताक्षर वेगळं. वाक्य एकाच हाताचं असतं. इतके हात म्हणजे सह्या. सह्या म्हटल्यावर 'मोठा डोंगर' आणि 'शेतात' यांचा उलगडा झाला. 大山 चिनीत वाचलं तर मोठा डोंगर. जपानीत ते ओयामा हे आडनाव आहे. 田中 चिनीत 'शेतात', जपानीत तनाका, म्हणजे आपल्याकडे पाटील-जाधव असावं तितकं सर्रास आडनाव. चिनी आडनावं बहुधा एका अक्षराची असतात. इथे जवळजवळ प्रत्येक ओळ दोन अक्षरांच्या आडनावाने सुरू होत होती. पारडं जपानीकडे झुकलं, पण अंदाज म्हणूनच.

पुरावा मिळाला तो 田中 च्या खाली. तिथे दोन अगदी साधी अक्षरं होती, दोन-दोन रेघांची, थोडी थरथरत्या हाताने काढलेली. पहिलं मी आठ आकडा, म्हणजे 八, समजून सोडून दिलं होतं. दुसरं कोशात कुठेच बसेना. एक आडवी रेघ आणि तिला छेदून खाली डावीकडे गेलेली दुसरी. रात्री एकदम लक्षात आलं की ही चिनी अक्षरं नाहीतच. ハナ. हा काताकाना आहे, जपानची स्वतःची ध्वनिलिपी, आपल्यासारखी उच्चार लिहिणारी. हाना. त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांची नावं काताकानात लिहिली जात. काताकानाची काही अक्षरं चिनी अक्षरांसारखीच दिसतात, ハ आणि 八, タ आणि 夕, ロ आणि 口, म्हणून एकटं अक्षर दिसलं तर डोळा फसतो. शेजारचं अक्षर बघूनच ठरवावं लागतं. पण एकदा काताकाना सापडला की भाषेचा प्रश्न मिटतो, कारण चिनी मजकुरात तो येत नाही.

तिसऱ्या दिवशी मामाला फोन केला. जपानी सैनिकाला घरच्यांनी आणि गाववाल्यांनी सह्या करून दिलेलं कापड आहे, आणि ते बहुतेक झेंडा असावा, असं सांगितलं. मामी म्हणाली, "मग ते कुंकू?" दुपारी दोघांनी पलंगावर चादर अंथरून घडी हळूहळू उलगडली. वरच्या झिरझिरीत पदरातून जी गुलाबी छटा दिसत होती, ती आतल्या लाल सूर्याची कडा होती.

मोठ्या अक्षरांशेजारी जो मुख्य माणूस होता, त्याचं नाव मला वाचायचं होतं. नावामागे 君 हे अक्षर होतं, म्हणजे ज्याला झेंडा दिला तो हाच. पण ते नाव मी देवनागरीत उतरवलं नाही. जपानी नावांची अक्षरं कळली तरी उच्चार कळतोच असं नाही. 幸子 हे एकच नाव कुणी साचिको म्हणतं, कुणी युकिको. घरच्यांना किंवा गावच्या नोंदींना विचारल्याशिवाय तो ठरत नाही. हाना वाचता आली कारण तिने स्वतःच उच्चार लिहून ठेवला होता.

असे झेंडे त्या त्या कुटुंबाकडे परत पोचवण्याचं काम अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली ओबोन सोसायटी करते. मामाचा विचार पक्का झाला तेव्हा मी त्यांच्यासाठी फोटो लावून दिले. पुढची बाजू आणि पाठ वेगवेगळी काढली, प्रत्येक फोटोवर 'पुढून' किंवा 'मागून' आणि वरची दिशा लिहिली, प्रत्येक सहीचा जवळून फोटो घेतला आणि लांबीरुंदी मोजून टाकली. सोबतच्या पत्रात अर्थ लिहिलाच नाही. झेंडा कुणाच्या ट्रंकेत होता आणि ते कुठल्या पलटणीत होते, एवढंच मामाने लिहिलं आणि खाली आजीची सही घेतली.