आधी कुणाला शिकवायचं? आमच्या पाइप कारखान्यातला स्किल मॅट्रिक्सचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात मी हजेरी, पगार, पीएफ आणि ट्रेनिंग हे सगळं बघतो. छोट्या कारखान्यात एचआर म्हणजे असंच, एका टेबलावर चार खाती. आमच्याकडे स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, नव्हता असं नाही. भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला होता आणि त्यात प्रत्येकाच्या नावापुढे हिरवी टिक होती. ऑडिटर आले, त्यांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "सगळ्यांना सगळं येतं, तर मग मागे भंगाराचा ढीग कसला?"

आयएसओ 9001:2015 या गुणवत्तेच्या मानकातलं 7.2 हे कलम मॅट्रिक्स करा असं कुठेच म्हणत नाही. कामाला कोणती क्षमता लागते ते ठरवा, ती माणसात आहे का बघा, नसेल तर काहीतरी करा, केल्याचा उपयोग झाला का ते तपासा आणि त्याची नोंद ठेवा, एवढंच ते मागतं. आमच्या टिकांमधून यातलं काहीच दिसत नव्हतं. म्हणून नवा तक्ता करायचं ठरलं. प्रत्येक माणसासाठी प्रत्येक कौशल्याचे दोन आकडे: किती यायला हवं आणि आज किती येतं.

पातळ्या 0 ते 4 धरल्या. 0 म्हणजे काहीच माहीत नाही, 1 म्हणजे बघितलंय, 2 म्हणजे कुणी शेजारी उभं असेल तर करतो, 3 म्हणजे एकटा करतो, 4 म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. "चांगलं", "बरं" असे शब्द मुद्दाम टाळले, कारण प्रत्येक सुपरवायझरचं "बरं" वेगळं असतं.

पहिली अडचण "किती हवं" या आकड्याचीच निघाली. सुपरवायझरांना विचारलं तर त्यांनी ऑपरेटरपासून मदतनिसापर्यंत सगळीकडे 4 भरून दिले. कमी लिहिलं तर आपल्या खात्याची किंमत कमी होते, असं काहीसं मनात असावं. मग नियम केला की आकडा माणसाला नाही, पदाला लावायचा, आणि ज्याच्यावर शिकवायची जबाबदारी खरोखर टाकणार त्याच्याच पदाला 4. मदतनिसाला पाइप बनवणारं एक्सट्रूडर मशीन सुरू करायचंच नसेल तर ती चौकट रिकामी. रिकामी म्हणजे शून्य नव्हे, हे एक्सेलला मात्र वेगळं सांगावं लागतं. नाहीतर ज्याची अजून तपासणीच झालेली नाही तो अडाणी ठरतो.

"आज किती येतं" हे विचारून कळत नाही. आमचे नाना वीसेक वर्षांपासून लाइनवर आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माले बठ्ठं येस, भाऊ." आणि ते खोटंही नव्हतं. पण आयटीआय झालेला नवा ऑपरेटरही छातीठोकपणे तेच म्हणाला. म्हणून मशीनपाशीच बघायचं ठरवलं. लाइन ठरवून बंद करायच्या दिवशी मी आणि प्रॉडक्शनचे साहेब वही घेऊन उभे राहिलो आणि दोघांना एकेकट्याने एकच प्रश्न घातला: लाइन चालू असताना वीज गेली, आता काय करशील ते करून दाखव.

हा प्रश्न सहज म्हणून निवडला नव्हता. गरम पीव्हीसी बॅरलमध्ये थांबून राहिलं की जळायला लागतं. आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो नाकात झोंबतो आणि ओलाव्याबरोबर स्क्रू-बॅरलचं लोखंड खातो. वीज लगेच आली तर आधी हीटरच्या सगळ्या झोनचं तापमान बघायचं, मग स्क्रू अगदी हळू फिरवायचा. माल थंड असताना स्क्रू फिरवला तर गिअरबॉक्सवर ताण येतो. वीज लवकर येणार नसेल तर पाइपला आकार देणारी डाय उघडून माल मऊ आहे तोवर बाहेर काढायचा. किती वेळ वाट बघायची हे मशीन आणि कंपाउंड ओळखणाऱ्यालाच कळतं.

नानांनी वासावरून आणि डायच्या तोंडाशी आलेल्या मालाच्या रंगावरून निर्णय घेतला. पोरगा वीज आल्याबरोबर थेट स्टार्टच्या बटणाकडे गेला. साहेबांनी त्याचा हात धरला आणि त्याच्या नावापुढे 1 लिहिला.

असे आकडे भरत गेल्यावर खरा वाद सुरू झाला, तो क्रमवारीचा. शेठचं म्हणणं साधं होतं: हवं ते वजा आहे ते, सगळ्याची बेरीज करा, ज्याची बेरीज मोठी त्याला आधी शिकवा. बरेच तयार तक्ते असंच करतात. आमच्या तीन माणसांवर ते करून बघू.

मदतनिसाला सॉकेटिंग, म्हणजे पाइपचं टोक जोडासाठी रुंद करणं, आणि ग्राइंडर 2 हवं, येतं 0. कटर आणि लोडिंग 2 हवं, येतं 1. बेरीज 6. आयटीआयवाल्या ऑपरेटरला लाइन सुरू-बंद करणं 3 हवं, येतं 2. वीज गेल्यावर मशीन सांभाळणं 3 हवं, येतं 1. डाय बदलणं 2 हवं, येतं 1. बेरीज 4. नानांना सुरू-बंद, वीज आणि डाय या तिन्हींत हवं त्याहून एक पातळी जास्त येतं, पण पाइपची जाडी मोजून रजिस्टरला लिहिणं 3 हवं तिथे 1. बेरीज उणे 1. म्हणजे तक्त्याच्या मते नानांना गरजेपेक्षा जास्त येतं आणि त्यांच्याकडे बघायचंच नाही.

हे उणे आकडे घातक असतात. डाय बदलण्यातल्या हुशारीने जाडी मोजण्यातली उणीव भरून निघत नाही. शेतकऱ्याच्या हातात पातळ पाइप गेला तो गेलाच. आमचा पाइप आयएस 4985 या भारतीय मानकाप्रमाणे जातो आणि त्यात व्यास आणि दाबाच्या वर्गानुसार किमान जाडी ठरलेली आहे. म्हणून फरक शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि रिकाम्या चौकटी बाजूला ठेवायच्या:

```
=IF(OR(C6="",D6=""),"",MAX(0,C6-D6))
```

इथे C6 म्हणजे हवी असलेली पातळी आणि D6 म्हणजे आजची.

मग प्रत्येक कौशल्याला 1 ते 3 वजन दिलं. चुकल्यावर काय होतं, एवढाच निकष. माल परत येतो किंवा मशीन जातं तर 3, भंगार होतं किंवा इजा होऊ शकते तर 2, फक्त वेळ जातो तर 1. (बोटं जाऊ शकतात त्या ग्राइंडरला 3 का नाही, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. माझं मत 3 च आहे.) वीज आणि जाडी यांना 3, सुरू-बंद, डाय, सॉकेटिंग, ग्राइंडर यांना 2, कटर-लोडिंगला 1. फरकाला वजनाने गुणून बेरीज केली तर मदतनिसाचे झाले 10 आणि ऑपरेटरचेही 10. वजन लावूनही माणसांची क्रमवारी काहीच सांगेना.

कारण आम्ही माणसांना रांगेत उभं करत होतो, आणि शिकवायचं असतं एका माणसाला एक काम. म्हणून बेरीजच सोडून दिली आणि चौकटींची क्रमवारी लावली. आता चित्र सरळ दिसलं. मदतनिसाची सगळ्यात मोठी चौकट 4 ची. ऑपरेटरची वीज 6 ची आणि नानांची जाडीही 6 ची. मदतनिसाचे 10 हे किरकोळ उणिवांनी झालेले होते आणि त्या काम करता करता भरतात.

दोन सहा-सहामध्ये आधी कोण? त्यासाठी प्रत्येक कौशल्याच्या उभ्या रकान्याखाली एक ओळ टाकली: एकट्याने करू शकणारे किती आहेत.

```
=COUNTIF(D6:D31,">=3")
```

आमच्या तीन पाळ्या. प्रत्येक पाळीला एक आणि सुट्टी-आजारपणाला एक, म्हणजे चार हवेत. जाडी मोजणारे, क्यूसीची मुलं धरून, पाच निघाले. वीज गेल्यावर मशीन सांभाळणारे दोनच, आणि त्यातले एक नाना. म्हणजे एका पाळीत रोज ते काम येणारा कुणीच नसायचा आणि ते भिंतीवरच्या हिरव्या टिकांत कधी दिसलं नव्हतं. पहिला क्रमांक तिथेच ठरला.

नानांच्या 6 चं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ही गोष्ट तक्त्यात मावत नाही. त्यांना मोजमापाच्या वर्गाला बसवायच्या आधी साहेबांनी हातात व्हर्नियर दिला. नानांनी तो हात लांब करून धरला, मग दिव्याखाली नेला. रेषाच दिसत नव्हत्या. चाळिशी लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे, आणि ते अंदाजाने बोटांनी जाडी सांगायचे. डिजिटल व्हर्नियर आणला, चष्म्याचा नंबर काढला, आणि पुढच्या तपासणीत ते 3 वर आले. ट्रेनिंगचा एक तासही लागला नाही. तेव्हापासून तक्त्यात एक जादा रकाना आहे: "फरक कशामुळे". शिकवलं नाही, अवजार नाही, सराव नाही की करायची इच्छा नाही, यातलं एक लिहायचं. पहिल्या आणि तिसऱ्यालाच ट्रेनिंगचा उपयोग असतो.

विजेचं काम शिकवायला साहजिकच नाना. पण शिकवताना कळलं की त्यांचा 4 खरा नव्हता. पोराने पाना उचलला की नाना तो काढून घ्यायचे आणि स्वतःच बोल्ट सोडवायचे, तोंडाने काहीच सांगायचे नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, "नाना, हात मागे बांधा आणि फक्त बोला." त्यांना ते फार जड गेलं. वास कसा ओळखायचा हे शब्दात सांगता सांगता ते दोनदा चिडले. पण पोरगा शिकला तो त्याच दिवसांत. त्यांचा आकडा आम्ही 3 केला आणि काही काळाने परत 4.

वेळ पावसाळ्याची निवडली. मार्च ते मे शेतकरी आणि डीलर पाइपसाठी दारात उभे असतात, तेव्हा लाइन थांबवायची भाषा शेठसमोर काढता येत नाही. पावसाळ्यात एक लाइन तशीही बंदच असते.

उपयोग झाला का याची नोंद म्हणून आम्ही आधी हजेरीपत्रकच जोडत होतो. वर्गाला बसला म्हणजे शिकला असं होत नाही. आता वर्गानंतर काही आठवडे जाऊ देतो आणि तीच परीक्षा, त्याच मशीनवर, शक्यतो दुसऱ्या सुपरवायझरसमोर परत घेतो. आकडा बदलला तरच तक्त्यात बदलायचा आणि शेजारी तारीख आणि सही.

विजेच्या रकान्याखाली आता चार आकडा आहे. शिकलेला आयटीआयवाला पोरगा चाकणला इंटरव्ह्यू देऊन आलाय, असं कानावर आहे. तो गेला तर तीन होतील आणि क्रमवारी पुन्हा हलेल, म्हणून सॉकेटिंगवरच्या एकाला आत्तापासूनच नानांच्या पाळीत टाकलंय.