आकड्याआधी मुदत मागा

"ताई, पुण्याच्या स्टार्टअपनं ऑफरमध्ये बारा लाखांचे ईसॉप दिलेत. ईमेलवर नेमकं काय मागू?"

लातूर-नांदेडकडची बहुतेक मुलं आकडा वाढवून मागतात. मी म्हणेन, आधी नोकरी सोडल्यानंतर ईसॉपमधले ऑप्शन वापरायला, म्हणजे त्यावर शेअर विकत घ्यायला, किती मुदत मिळते ते बघा.

समजा, हे बारा लाख म्हणजे 600 रुपये भावानं धरलेले 2,000 ऑप्शन. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क. हा ठरलेला भाव 100 रुपये असेल तर आजचा फायदा दहा लाखांचाच, आणि तोही चार वर्षांत थोडा थोडा हक्काचा होणार. दोन वर्षांनी तुम्ही नोकरी सोडली, तर 1,000 ऑप्शन तुमचे. ते शेअर घ्यायला एक लाख रुपये लागतील. तोवर शेअरचा भाव 700 झाला असेल तर मधले सहा लाख तुमच्या पगारात धरले जातात, आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह 1,87,200 रुपये कर बसतो. एकूण 2,87,200 रुपये, तेही आज कुणी विकत घेणार नाही अशा शेअरसाठी, आणि बऱ्याच योजनांत फक्त 90 दिवसांत! काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलतही संपते. वडिलांचा सोयाबीनचा पैसा यात अडकवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

म्हणून ईमेल साधा लिहा: "ऑफरबद्दल आभार. सही करण्याआधी ईसॉप योजनेची पूर्ण प्रत मिळावी. नोकरी सोडल्यानंतर ऑप्शन वापरण्याची मुदत पाच वर्षं असावी आणि रुजू झाल्यापासून 30 दिवसांत ऑप्शन मंजूर व्हावेत, ही विनंती."

30 दिवसांची विनंती गाळू नका. 2014 च्या नियमांप्रमाणे ऑप्शन मंजूर झाल्यापासून पहिला हिस्सा हक्काचा व्हायला किमान एक वर्ष जावंच लागतं. त्यामुळे ते वर्ष कमी करून मागण्यात अर्थ नाही. पण संचालक मंडळानं मंजुरीलाच आठ महिने लावले, तर तुमचं एक वर्ष वीस महिन्यांचं होतं.

"आमच्या हातात नाही," असं एचआर म्हणेल. ते खोटं नसतं, कारण योजना भागधारकांनी ठरावानं मंजूर केलेली असते. तेव्हा योजनेच्या प्रतीत एकच गोष्ट शोधा: नोकरी सोडल्यानंतरची मुदत ठरवायचा किंवा वाढवायचा अधिकार संचालक मंडळाला दिलाय का? असेल तर तोच परिच्छेद दाखवून पुन्हा मागा, आणि मान्य झालेली मुदत मंजुरीपत्रात लिहून घ्या. फोनवरचा होकार धरू नका. योजनेत तशी सोयच नसेल, तर ऑप्शनची किंमत शून्य धरून फक्त पगारावर बोला.